ट्यूब संपली, गजकर्ण उरलं

‘खाजेची एखादी चांगली ट्यूब द्या.’ पावसाळा लागला की मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य हळू आवाजात, शेजारी ओळखीचं कुणी उभं नाही ना हे बघून उच्चारलं जातं. खाज नेमकी कुठे आहे हे गिऱ्हाईक सांगत नाही आणि दुकानदारही विचारत नाही. ट्यूब कागदी पिशवीत जाते. त्या रात्री लावली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज थांबते, आठवडाभरात लाली उतरते आणि अर्धी ट्यूब कपाटात पडून राहते. महिन्याभरात तोच माणूस त्याच काउंटरवर पुन्हा येतो. या वेळी चट्टा जांघेतून मांडीवर आणि कंबरेवर सरकलेला असतो. ‘परत आलं हो’, असं तो म्हणतो. त्वचेच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या अशा रुग्णांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते परत आलेलं नसतं, कारण ते मुळात गेलेलंच नसतं.

गजकर्ण, नायटा, दाद अशा नावांनी आपण ज्याला ओळखतो, ते त्वचेवर वाढणाऱ्या बुरशीचं काम असतं. त्यात किडा नसतो, आणि ‘रक्त खराब झालं’ या समजुतीचाही त्याच्याशी संबंध नाही. ही बुरशी केराटिनवर जगते. केराटिन म्हणजे आपली नखं, केस आणि त्वचेचा सगळ्यात वरचा, मेलेल्या पेशींचा पातळ थर ज्याचा बनलेला असतो ते प्रथिन. बुरशी त्या वरच्या थरातच राहते, खाली रक्तापर्यंत सहसा जात नाही. एका ठिकाणी ती रुजली की चहूबाजूंनी बाहेर पसरत जाते. जिथे ती नव्याने पोचते तिथे शरीर प्रतिकार करतं, म्हणून कड लाल, उंचावलेली, बारीक पुरळ आणि कोंडा असलेली दिसते. मधला भाग तोवर निवळायला लागतो. यातूनच ती गोल कडी तयार होते. निदानाच्या दृष्टीने या कडेला फार महत्त्व आहे, कारण जिवंत बुरशी प्रामुख्याने तिथेच सापडते. डॉक्टरांना शंका आली तर कडेवरचा कोंडा पात्याने हलकेच खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेशी विरघळतात आणि बुरशीचे फांद्या फुटलेले धागे दिसू लागतात. तपासणी स्वस्त आहे, थोड्या वेळात होते, आणि तरीही फार क्वचित केली जाते.

जांघ, काख, स्तनांखालची घडी, पोटाची वळी, कुल्ल्यांमधली जागा इथे त्वचेला त्वचा चिकटून असते. घाम वाळत नाही, हवा लागत नाही आणि घर्षण चालूच असतं. एरवी ही अडचण निभावून जाते, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की दोरीवरचा कपडा दोन-दोन दिवस ओलसर राहतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात हे वेगळं सांगायला नको. लोकलच्या गर्दीत भिजलेली जीन्स अंगावरच वाळते. जाड शिवणींचं ते कापड मांड्यांच्या मध्ये तासन्‌तास दमट राहतं. बुरशीला एवढंच हवं असतं. आमच्या पिढीने जीन्सला रोजचा कपडा केला हे फॅशनच्या दृष्टीने ठीकच आहे, पण पावसाळ्यातल्या कोकणपट्टीसाठी इतका गैरसोयीचा पोशाख दुसरा नसेल.

हा रोग पूर्वीही होता, मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत तो बदलला. पूर्वी दोन-तीन आठवडे क्रीम लावलं की बहुतेकांचं काम भागायचं. आता तो मोठ्या भागावर पसरतो, अख्ख्या कुटुंबाला होतो आणि औषधाला दाद देत नाही. यामागे बुरशीचा एक वेगळा प्रकार आहे. जपानमधल्या संशोधकांनी तिथल्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या त्वचेतून तो वेगळा काढला आणि २०२० मध्ये त्याला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असं नाव दिलं. नावातलं ‘इंडो’ आपल्याकडे बोट दाखवतं. टर्बिनाफिन हे बुरशीवरचं एक चांगलं, वर्षानुवर्षं वापरलेलं औषध. ते बुरशीच्या ज्या विकरावर काम करतं, त्याच्या जनुकातच या प्रकारात बदल झालेला आढळतो. औषध तिथे नीट बसत नाही आणि बुरशी वाढत राहते. हाच प्रकार आता युरोपातही सापडतो, आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांतही त्याची नोंद झाली.

पण सगळा दोष बुरशीच्या हुशारीवर टाकता येणार नाही. क्रीम किती आणि कसं लावलं जातं हे एकदा बघू. समजा, बदलापूरहून रोज दादरला येणारा चाळिशीचा एक माणूस आहे. दोन्ही जांघांत चट्टे आहेत आणि पट्टा बसतो तिथे कंबरेवर एक. क्रीम फक्त लाल दिसतं तिथे लावून चालत नाही, कारण बुरशीचे धागे दिसणाऱ्या कडेच्या पुढे गेलेले असतात. म्हणून कडेच्या बाहेर साधारण दोन सेंटिमीटर, म्हणजे अंदाजे बोटभर रुंदीची निरोगी त्वचाही झाकायची आणि बाहेरून आत लावत यायचं. हा सगळा भाग मिळून चार तळहातांएवढा भरला असं धरू. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली क्रीमची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. म्हणजे त्याला एका वेळी एक ग्रॅम लागेल आणि दिवसातून दोनदा लावायचं असेल तर रोज दोन ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब आठव्या दिवशी संपायला हवी.

आता किती दिवस लावायचं ते पाहू. त्वचेचा वरचा थर झडून पूर्ण नवा यायला साधारण चार आठवडे लागतात, आणि बुरशी त्याच थरात असते. चट्टा दिसेनासा व्हायला चार आठवडे गेले, तर त्यानंतर आणखी दोन आठवडे लावायचं, असे सहा आठवडे झाले. हिशेब चौऱ्याऐंशी ग्रॅमचा होतो, म्हणजे जवळजवळ सहा ट्यूब. आपल्या या गृहस्थाने एक घेतली आणि तिच्यातलीही अर्धी उरली. एवढं कमी औषध, तेही आठवडाभरच, त्यामुळे बुरशी मेली नाही, नुसती दबली. लाली गेली, खाज गेली, पण धागे कडेला जिवंत राहिले. ल्युलिकोनॅझोलसारखी काही क्रीमं दिवसातून एकदाच पुरतात, त्यामुळे ट्यूबांचा आकडा कमी होतो, आठवडे मात्र फारसे कमी होत नाहीत. इतका पसारा असेल तर डॉक्टर बहुधा क्रीमबरोबर गोळ्याही देतात, आणि त्याही महिना-दोन महिने चालू शकतात. या गोळ्यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो. इट्राकोनॅझोल हृदय अशक्त असलेल्यांना चालत नाही आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. म्हणून भावाला दिलेली स्ट्रिप आपण घेऊ नये. गरोदर बाईने तर या गोळ्या स्वतःहून घेण्याचा विचारही करू नये.

इथपर्यंत आपण असं धरलं की ट्यूबमध्ये फक्त बुरशीचं औषध आहे. खरी भानगड इथे आहे. काउंटरवर ‘चांगली ट्यूब’ म्हणून जे मिळतं त्यात बरेचदा तीन-चार औषधं एकत्र असतात: बुरशीचं एक, जंतूंचं एक-दोन, आणि त्यांच्या जोडीला स्टेरॉईड. लोक ‘जबरदस्त ट्यूब’ म्हणतात ते या स्टेरॉईडमुळे. स्टेरॉईड बुरशीला काही करत नाही. ते आपल्या शरीराचा प्रतिकार दाबतं. लाली आणि खाज ही प्रतिकाराचीच लक्षणं असल्यामुळे ती दोन दिवसांत थांबतात आणि रुग्ण खूश होतो. दरम्यान बुरशीला अडवणारं कुणी उरत नाही. ट्यूब बंद केली की चारच दिवसांत आग आणि खाज दुपटीने उसळते, मग माणूस पुन्हा तीच लावतो. हे चक्र काही जण दोन-दोन वर्षं चालवतात.

क्लोबेटासोल हे असंच एक स्टेरॉईड. ते इतकं तीव्र आहे की सोरायसिससारख्या आजारांत जाड झालेल्या त्वचेवर ते मोजक्या दिवसांसाठी दिलं जातं. जांघेतली त्वचा पातळ आणि झाकलेली, त्यामुळे तिथे ते कित्येक पटींनी शोषलं जातं. काही महिन्यांत त्वचा कागदासारखी होते, खालच्या शिरा दिसू लागतात आणि मांडीच्या आतल्या बाजूला गरोदरपणात पोटावर पडतात तसे, पण जास्त रुंद आणि जांभळट चरे पडतात. हे चरे कायमचे असतात. विशी-पंचविशीतली मुलं ते दाखवत ‘हे जाईल ना?’ असं विचारतात, आणि खरं उत्तर ऐकायला त्यांना आवडत नाही. चट्ट्याचं रूपही बदलतं. स्वच्छ गोल कडी जाऊन एकात एक अशा दोन-तीन कडा दिसतात, किंवा कडच नाहीशी होते आणि नुसता तपकिरी, अस्ताव्यस्त डाग राहतो. मग अनुभवी डॉक्टरलाही तो ओळखायला वेळ लागतो.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉईड औषधांची मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली. याचा अर्थ, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी ती विकली जातात, हे वाचकांना मी सांगायची गरज नाही. म्हणून ट्यूब हातात आली की मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं काही दिसलं तर ती ट्यूब गजकर्णाला लावायची नाही. क्लोट्रिमॅझोल, केटोकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल, टर्बिनाफिन ही बुरशीची औषधं. घोटाळा होतो तो क्लोट्रिमॅझोल आणि क्लोबेटासोलमध्ये. दोन्हींची सुरुवात सारखी, शेवटही कानाला जवळपास सारखा, आणि काम एकदम उलट. ‘झोल’ असेल तर बुरशीचं, ‘सोल’ किंवा ‘सोन’ असेल तर सावध, एवढं लक्षात ठेवलं तरी बरीच फसगत टळेल. मात्र एकाच ट्यूबमध्ये दोन्ही असू शकतात, म्हणून पहिलं नाव वाचून थांबू नका.

औषध बरोबर, मात्रा बरोबर, दिवसही पूर्ण, आणि तरी पुन्हा? तेव्हा घरात बघावं लागतं. बुरशीचे बीजकण त्वचेच्या झडलेल्या कोंड्याबरोबर कपड्यांत, पंचात, चादरीत पडतात आणि तिथे महिनोन्‌महिने तग धरतात. थंड पाण्यातल्या नेहमीच्या धुलाईने ते जातातच असं नाही. त्यासाठी पाणी साठ अंशांच्या आसपास, म्हणजे हात घालवणार नाही इतकं गरम लागतं. रुग्णाच्या चड्ड्या, बनियन आणि पंचा वेगळ्या बादलीत अशा पाण्यात अर्धा तास भिजवून मग धुवावेत, आणि उलटे करून वाळवावेत. ऊन नसेल तेव्हा, म्हणजे पावसाळ्यात बहुतेक वेळा, इस्त्री उपयोगी पडते. इस्त्री आतल्या बाजूने, शिवणी आणि इलास्टिकवर दाबून फिरवायची, कारण कोंडा तिथेच अडकतो. दमट चड्डी ‘अंगावर वाळेल’ म्हणून घालणं हे क्रीमवर पाणी ओतण्यासारखं आहे.

आपल्याकडची एक वस्तू तर डॉक्टरही विचारायचं विसरतात, ती म्हणजे करदोटा. कंबरेचा काळा किंवा लाल दोरा वर्षानुवर्षं काढला जात नाही. आंघोळीनंतर तो तासभर ओला राहतो आणि त्याच्याखाली बरोबर त्याच रेषेत चट्टे उमटतात. बायकांच्या बाबतीत परकराची नाडी हेच काम करते. ती एकाच जागी आवळली जाते, घामाने भिजते, आणि परकर धुतला तरी नेफ्यातली नाडी शेवटपर्यंत ओली राहते. उपचार चालू असेपर्यंत करदोटा काढून ठेवायला घरातली मोठी माणसं काचकूच करतात. पटत नसेल तर निदान जुना टाकून द्या आणि बरं झाल्यावर नवा बांधा. परकराच्या नाड्या दोन ठेवा आणि आलटून पालटून धुवा, किंवा परकर बांधण्याची जागा रोज थोडी वर-खाली करा.

घरात आणखी कुणाला खाज येते का, हा प्रश्न विचारला की बहुधा उत्तर ‘नाही’ येतं. बायको शेजारी बसलेली असेल तर तीच मग हळूच सांगते की तिलाही आहे, स्तनांखाली. मुलाच्या पाठीवर आहे. एकाच पंचाने सगळे अंग पुसत असतात. अशा घरात एकट्यावर उपचार केले तर पुढच्या महिन्यात तो दुसऱ्याकडून पुन्हा घेतो. सगळ्यांचे उपचार एकाच वेळी सुरू व्हायला हवेत.

आणि पाय. पावसात बोटांच्या बेचक्यांत होतात त्या चिखल्यांना आपण किरकोळ समजतो. त्यातल्या काही नुसत्या पाण्याने भिजून झालेल्या असतात, काहींमध्ये हीच बुरशी असते. चड्डी घालताना पाय तिच्यातून जातो, बेचक्यातली बुरशी कापडाला लागते आणि कापड जांघेत जाऊन बसतं. ज्यांच्या पायाला संसर्ग आहे त्यांनी आधी मोजे घालावेत, मग चड्डी. मोजे वापरत नसाल तर पाय शेवटी आणि वेगळ्या फडक्याने पुसावेत. नखं जाड, पिवळी, भुसभुशीत झाली असतील तर तेही डॉक्टरांना दाखवा. नखातल्या बुरशीवर क्रीमचा फारसा उपयोग होत नाही, आणि ती तिथून वर्षभर बी पुरवत राहते.

स्वच्छतेच्या उत्साहातही नुकसान होतं. चट्टा दगडाने किंवा जाळीने घासला तर त्वचा सोलते आणि बुरशी पसरते. जंतुनाशक द्रव अंगाला लावला तर भाजतं. साधी टाल्कम पावडर घामात भिजून घडीत गोळे करते. साध्या साबणाने आंघोळ, मग घड्यांमधलं पाणी टिपून घेऊन पाच मिनिटं पंख्याखाली उभं राहणं, आणि नंतर क्रीम. एवढ्याने स्वच्छतेचं काम होतं. कोकणात पावसाळ्यात टाकळ्याची भाजी करतात. त्याच टाकळ्याला आयुर्वेदात चक्रमर्द आणि दद्रुघ्न म्हणतात, आणि त्याचं बी लिंबाच्या रसात वाटून नायट्याला लावायचा जुना उपाय आहे. भाजी जरूर खा. पण स्टेरॉईडने पातळ झालेल्या जांघेत लिंबाचा रस लावून आलेले रुग्ण बघितले की तो उपाय सुचवायची हिंमत होत नाही.

गोल दिसतं आणि खाजतं म्हणून सगळं गजकर्णच असतं असंही नाही. घडीत भडक लाल, ओलसर चट्टा आणि त्याच्या आजूबाजूला सुट्या लाल फोड्या असतील तर ती कॅन्डिडा नावाची वेगळी बुरशी असू शकते, आणि ती वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. पुरुषांमध्ये वृषणाची त्वचा गजकर्ण बहुधा सोडून देतं, कॅन्डिडा सोडत नाही. रात्री अंथरुणात खाज वाढत असेल आणि बोटांच्या बेचक्यांतही असेल तर खरूज. चट्ट्याला खाज नाही, उलट तिथे स्पर्शच कळत नाही, तर मात्र एक दिवसही न थांबता सरकारी दवाखान्यात दाखवा. ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं, आणि त्याचा उपचार मोफत आहे.

बरं झालं हे ओळखायचं कसं? खाज हा निकष धरू नका, ती सगळ्यात आधी जाते. बोट फिरवून पाहा: कड हाताला लागत नाही, कोंडा सुटत नाही, डाग सपाट आहे, तर बुरशी गेलेली असण्याची शक्यता चांगली. काळपट डाग त्यानंतरही काही महिने राहतो. तो रोग नव्हे, त्यावर क्रीम चोळत बसू नका. उलट डाग फिका आहे पण कडेला बोटाखाली खरखर लागते, तर औषध चालूच ठेवायचं. चार आठवडे नियमाने करूनही कड तशीच असेल तर ट्यूब बदलत बसण्यापेक्षा कोंड्याची तपासणी करून घ्यावी आणि औषध डॉक्टरांना बदलू द्यावं.

डॉक्टरांकडे जाताना कपाटातल्या सगळ्या अर्ध्या ट्यूबा पिशवीत घालून बरोबर न्या. लाजू नका, त्यांनी त्याहून जास्त पाहिलेल्या असतात. स्टेरॉईडची ट्यूब बरेच दिवस लावली असेल तर ते स्पष्ट सांगा. ती थांबवल्यावर पहिला आठवडाभर खाज उसळणार आहे, तेव्हा खाजेच्या गोळीची सोय आधीच करून घ्या. आणि त्या दिवसांत मेडिकलकडे वळू नका.